जास्तीचे वीस हजार कशासाठी?

जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला आणि वहीवर हिशेब ठेवणारे दुकानदारही कॉम्प्युटरकडे वळले. आता विट्याचा यंत्रमागधारक असो, मिरजेचा सतारमेकर असो की कराडचा कापडाचा होलसेलवाला, बिले आणि रिटर्नसाठी लॅपटॉप लागतोच. तो घेताना मात्र आपले व्यापारी बांधव दोनच गोष्टी विचारतात, रॅम किती आणि किंमत किती. समजा, सारखाच प्रोसेसर व सारखीच रॅम असलेले दोन लॅपटॉप समोर आहेत. एकाची किंमत कर सोडून ४० हजार, दुसऱ्याची ६० हजार. साहजिकच ४० चा उचलला जातो. माझे मत असे की जो लॅपटॉप रोज पिशवीतून फिरतो त्यासाठी ६० चा स्वस्त पडतो, आणि जो गल्ल्याशेजारून हलतच नाही त्यासाठी ६० हजार घालणे उधळपट्टी आहे.

मोठ्या कंपन्या हा माल दोन वेगळ्या ओळींत काढतात. लेनोव्होचा आयडियापॅड घरगुती वापराचा, तर थिंकपॅड कार्यालयीन. एचपीचा पॅव्हेलियन घरगुती होता, एलिटबुक कार्यालयीन. डेलचे इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड असेच होते. जानेवारी २०२५ मध्ये डेलने नावे बदलली, आता त्यांच्या कार्यालयीन मालावर ‘प्रो’ असते. मधल्या दर्जाचाही माल आहे, उदाहरणार्थ प्रोबुक किंवा थिंकपॅडची ई मालिका. म्हणजे नुसते नाव वाचून भागत नाही, माल हाताळून पाहावा लागतो.

हाताळताना पहिल्यांदा बिजागरी पाहावी. स्वस्त लॅपटॉपमध्ये झाकणाच्या बिजागरीचे स्क्रू पितळेच्या छोट्या नटांत बसतात आणि ते नट प्लास्टिकमध्ये रोवलेले असतात. दिवसातून दहा वेळा झाकण उघडले की सगळा जोर त्या प्लास्टिकवर येतो. बिजागरी घट्ट होत गेली की प्लास्टिक तडकते आणि नट उपटून येतो. याची चाहूल आधी लागते. झाकण उघडताना ‘कट’ असा आवाज येतो, पडद्याच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात फट दिसते, किंवा झाकणाबरोबर खालचा भागही उचलला जातो. त्याच वेळी झाकण उघडझाप करणे थांबवून कारागिराकडे नेले तर नट पुन्हा बसवून थोडक्यात काम होते. तसेच रेटले तर पडद्याची केबल किंवा पडदाच जातो आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. चांगल्या कार्यालयीन मॉडेलमध्ये बिजागरी धातूच्या चौकटीला किंवा धातूची पट्टी घातलेल्या भागाला धरलेली असते. दुकानात लॅपटॉप एका कोपऱ्याने उचलून पाहावा. अंग लवचिक वाटले, करकरले, तर किमतीचे कारण तिथेच कळते.

‘मिलिटरी स्टँडर्ड’ असा शिक्का आता घरगुती मालावरही छापतात. ही अमेरिकन लष्कराच्या चाचण्यांची पद्धत आहे. तिच्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी स्वतः ठरवते. आपल्या धंद्यात ‘पक्का रंग’ असा शिक्का पाहून कोणी थान घेत नाही, पाण्यात भिजवून पाहतो.

दुसरी गोष्ट उघडण्याची. आमच्या यंत्रमागाच्या भागात हवेत सुताचे बारीक तंतू असतात. पंखा ते आत ओढतो आणि गरम हवा बाहेर जाण्याच्या जाळीवर त्यांचा थर बसतो. मग लॅपटॉप तापतो, पंखा सतत घरघरतो आणि हिशेबाचे साधे काम संथ होते. पुष्कळजण याला ‘जुना झाला’ म्हणून नवा घेतात. विट्याच्या एका परिचिताच्या शेडमधील कार्यालयीन लॅपटॉप कारागीर वर्षातून दोनदा साफ करतो. खालचे झाकण स्क्रू सैल केले की निघते, स्क्रू झाकणालाच अडकून राहतात, हरवत नाहीत. पुष्कळ घरगुती मॉडेलमध्ये काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात आणि कडेचे प्लास्टिकचे खटके उघडताना तुटतात. म्हणून कारागीरही हात लावायला कचरतो.

तिसरी गोष्ट सर्व्हिस, आणि जास्तीच्या रकमेचा मोठा भाग इथेच जातो. घरगुती मॉडेलवर बहुधा एक वर्षाची वॉरंटी असते आणि पुष्कळदा लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला आपणच न्यायचा असतो. कार्यालयीन मॉडेलवर तीन वर्षांची ऑनसाईट वॉरंटी मिळते किंवा घेता येते, म्हणजे माणूस सुटा भाग घेऊन दुकानात येतो. करारात ‘पुढील कामकाजाचा दिवस’ असे लिहिलेले असते, पण तो दिवस फोनवर बिघाड निश्चित झाल्यानंतर मोजतात, आणि मोठ्या शहराबाहेर भाग पोचायला जास्त वेळ लागू शकतो. म्हणून पैसे देण्याआधी आपला पिनकोड सांगून विचारावे. सांगलीचा ४१६४१६ किंवा साताऱ्याचा ४१५००१ ऑनसाईटमध्ये बसतो म्हणून तालुक्याचे गाव बसेलच असे नाही. चहा सांडला, हातातून पडला, हे साध्या वॉरंटीत येत नाही, त्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. बॅटरीवरही अनेकदा एकच वर्ष असते. आणि वॉरंटीची तारीख कंपनीच्या साईटवर लगेच तपासावी. माल विक्रेत्याकडे पडून असेल तर वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसते. बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते.

आता हिशेब मांडू. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी आहे. बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर घेतले तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो कर वजा मिळतो, म्हणजे खरा फरक २० हजारांचा राहतो. कंपोझिशनमध्ये असलेल्याला वजावट नाही, त्याला फरक २३,६०० चा पडतो. फिरतीच्या कामात ४० चा चार वर्षे चालला आणि ६० चा सहा वर्षे, तर दोन्ही वर्षाला १० हजारांनाच पडतात. वरचा फायदा बंद पडलेल्या दिवसांत आहे. जीएसटीआर-१ ची मुदत मासिक रिटर्नवाल्याला पुढच्या महिन्याची ११ तारीख असते आणि ३बी ची २०. या दिवसांत लॅपटॉप आठवडाभर कोल्हापूर-पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पडला तर विलंब शुल्क थोडेच लागेल, पण आपले बिल वेळेत दिसले नाही की ज्याला माल दिला त्याचे क्रेडिट अडकते आणि तो पुढचे पेमेंट रोखतो. हा तोटा किती, ते ज्याने त्याने आपल्या उधारीवरून काढावे.

ज्यांच्याजवळ ६० हजार नाहीत त्यांनी हप्त्याच्या मागे लागू नये. ‘नो कॉस्ट’ म्हणून जे हप्ते देतात त्यात बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम सवलत म्हणून आधी कापली जाते आणि त्या व्याजावरचा जीएसटी गिऱ्हाईक भरतो. ज्याला व्याजापासून दूर राहायचे आहे त्याने नाव ‘नो कॉस्ट’ आहे म्हणून फसू नये. त्यापेक्षा मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेला कार्यालयीन लॅपटॉप रोखीने घ्यावा. असा माल मुंबई-पुण्याहून आपल्याकडेही येतो आणि नव्या घरगुती लॅपटॉपपेक्षा कमी दरात मिळतो.

पण तो घेताना डोळे उघडे ठेवावेत. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. सुरू करताना बायोसचा पासवर्ड मागत असेल, किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर जुन्या कंपनीचे नाव येऊन तिचे लॉगिन मागत असेल, तर तो लॅपटॉप फुकट दिला तरी घेऊ नये. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ टाइप करावी.

```
powercfg /batteryreport
```

जो अहवाल तयार होतो त्यात DESIGN CAPACITY म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून कमी करून घ्यावी.