तिळाच्या एका पोत्यामुळे युरोपभर ब्रेड परत का मागवावे लागले?

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली, तेव्हा ‘इथिलीन ऑक्साइड’ हे नाव सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. पण हाच प्रकार त्याआधी साडेतीन वर्षांपूर्वी तिळाच्या बाबतीत घडला होता, आणि अन्नाची सुरक्षितता नेमकी कुठे तुटते हे त्यातून जास्त नीट कळतं.

सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमला भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं. युरोपात तिळासाठी मर्यादा आहे किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. काही नमुन्यांत त्याच्या हजार पटींहून जास्त निघालं. मग तो तीळ ज्या ज्या ब्रेड, बिस्किटं आणि इतर पदार्थांत गेला होता, ते सगळे अनेक देशांतल्या दुकानांतून परत मागवावे लागले.

तिळात हा गॅस आला कुठून?

कुणी विष कालवलं नव्हतं. तीळ शेतात कापला जातो, उघड्यावर वाळतो, पोत्यात भरला जातो. या प्रवासात पक्ष्यांची विष्ठा, उंदीर किंवा खराब पाणी यांमुळे त्यावर साल्मोनेला हे जंतू बसू शकतात. ते मारायला इथिलीन ऑक्साइड सोयीचं पडतं, कारण हा गॅस पोत्यातल्या दाण्यांपर्यंत पोहोचतो आणि दाणा भाजलाही जात नाही. दवाखान्यातली उपकरणं निर्जंतुक करायलाही तो वापरतात. पण त्याने कॅन्सरचा धोका वाढतो. गॅस उडून गेला तरी त्यापासून बनलेलं २-क्लोरोइथेनॉल मागे राहतं, म्हणून युरोपात दोन्हींची बेरीज मोजतात.

म्हणजे एक धोका घालवताना दुसरा आत आला. हे आधीच ओळखणं म्हणजे ‘हॅझार्ड अ‍ॅनालिसिस’. कच्च्या मालापासून पाकिटापर्यंतची प्रत्येक पायरी कागदावर मांडायची आणि विचारायचं: इथे कोणता जंतू, कोणतं रसायन, कोणता खडा किंवा धातूचा तुकडा येऊ शकतो? आणि आपला उपाय स्वतःच नवा धोका आणतोय का?

समजा, तुमचं तिळाच्या चिक्कीचं युनिट आहे

तुमच्याकडे साल्मोनेला मारणारी पायरी एकच: भाजणं. अशा पायरीला ‘क्रिटिकल कंट्रोल पॉइंट’ म्हणतात, कारण इथे चुकलं तर पुढे दुरुस्ती नाही. ‘चांगला भाजा’ एवढी सूचना पुरत नाही. किती तापमान, किती मिनिटं, कोण मोजणार, आणि आकडा कमी आला तर तो घाणा बाजूला कुठे ठेवणार, हे लिहून ठेवावं लागतं. कोरड्या दाण्यातला साल्मोनेला उष्णतेला जास्त दाद देत नाही, त्यामुळे वेळ आणि तापमान चाचणी करूनच ठरवावं लागतं.

पण मोठी चूक बऱ्याचदा भाजल्यानंतर होते. कच्च्या तिळाचं घमेलं भाजलेल्या तिळाला वापरलं, की सगळी मेहनत पाण्यात. लॅबच्या रिपोर्टवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. साल्मोनेलाची चाचणी साधारणपणे २५ ग्रॅमच्या नमुन्यावर होते आणि जंतू पोत्यात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात.

मग माग कसा काढायचा?

ट्रेसेबिलिटीचा नियम साधा आहे: माल कुणाकडून आला ही एक पायरी मागे, कुणाला गेला ही एक पायरी पुढे. प्रत्येकाने एवढं नीट लिहिलं की साखळी जुळते.

ती तुटते कुठे? मिसळताना. तुम्ही दोन व्यापाऱ्यांकडून ४०० आणि ६०० किलो तीळ घेतला आणि एकाच पिंपात ओतला. महिन्याभराने ४०० किलोच्या लॉटमध्ये दोष सापडला, तर आता पूर्ण १,००० किलो संशयित. लॉट वेगळे ठेवले असते, तर ६०० किलोची चिक्की वाचली असती.

नोंदी खऱ्या आहेत का, हे तपासायला बेरीज-वजाबाकी पुरते. १,००० किलो तीळ भाजला तर ओलावा आणि कचरा जाऊन वजन घटायलाच हवं. रजिस्टरमध्ये भाजलेला तीळ १,१०० किलो दिसत असेल, तर १०० किलोपेक्षा जास्त तीळ नोंद न करता आत आलाय.

तुमच्या हातात काय आहे?

पाकीट उलटं करा. त्यावर बॅच किंवा लॉट नंबर आणि १४ अंकी एफएसएसएआय नंबर असतो. हा १४ अंकी नंबर फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर टाकून परवाना तपासता येतो. मात्र त्यातून फक्त धंदा नोंदवलेला आहे हे कळतं, त्या पाकिटातला माल तपासलाय असं नाही. परत मागवलेल्या मालात तुमचं पाकीट आहे का, हे बॅच नंबरच सांगतो. म्हणून माल डब्यात ओतून पाकीट फेकण्याआधी त्याचा एक फोटो काढून ठेवा. सुट्या तिळाला मात्र हा नंबरच नसतो, त्याचा माग दुकानदाराच्या पोत्यापाशीच संपतो.