‘निर्दोष’ हा शब्द आधी खोडा

ताईसाठी बाबांनी लिहिलेली जाहिरात अशी होती :

‘प्रतिष्ठित, सुसंस्कृत घराण्यातील गोरी, सुंदर, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, निर्दोष घटस्फोटित, वय ३३, उंची ५ फूट ३ इंच, एम.कॉम., पुणे येथे बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीसाठी सुयोग्य, निर्व्यसनी वर पाहिजे. संपर्क –’ आणि पुढे मोबाईल नंबर.

नंबर धरून एकोणतीस शब्द. ठरलेल्या रकमेत वीसच बसत होते, पुढे दर शब्दाला जादा पैसे. आणि या एकोणतीस शब्दांत ताईची सहा वर्षांची मुलगी कुठेच नव्हती.

अर्थ न हरवता काय काय जातं, ते आधी पाहिलं. सदराचं नावच ‘वर पाहिजे’ असतं, म्हणून ते दोन शब्द गेले. मोबाईल नंबर दिसल्यावर ‘संपर्क’ कशाला? ‘पुणे येथे’चं ‘पुण्यात’ झालं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. उंचीचे पाच शब्द ५'३" मध्ये मावले. ‘करणाऱ्या मुलीसाठी’ही गेलं. उरले एकोणीस.

बाबा खूश. मी म्हटलं, आता मुलगी घाला.

“ते नंतर फोनवर सांगता येतं,” बाबा म्हणाले. जाहिरात घेणाऱ्या काकांचाही तोच सल्ला.

माझं भांडण इथे आहे. ‘फोनवर सांगू’ म्हणजे कोण सांगणार? ताईच. आधीच्या जाहिरातीला सतरा फोन आले होते. मुलीचं कळल्यावर बहुतेकांनी “घरी विचारून कळवतो” म्हणून फोन ठेवले. जाहिरातीत वाचवलेल्या पाच शब्दांची किंमत तिने दर फोनला मोजली.

आणि ‘निर्दोष’? हा शब्द लिहिला की बाकीच्या घटस्फोटित बायका दोषी ठरतात, आणि आपली बहीण न विचारलेल्या आरोपाला उत्तर देत उभी राहते. ‘गोरी’बद्दल तर बोलायलाच नको. बाबांना वाटतं विशेषणांनी जाहिरातीला भारदस्तपणा येतो. मला ती गयावया वाटते. ‘प्रतिष्ठित’ असं पैसे भरून स्वतःच छापून घेतलेल्या प्रतिष्ठेवर कोण विश्वास ठेवतो?

‘प्रतिष्ठित’पासून ‘सुयोग्य’पर्यंत नऊ शब्द खोडले. उरले दहा. उरलेल्या जागेत ताईने स्वतः लिहिलं :

‘घटस्फोटित, वय ३३, ५'३", एम.कॉम., पुण्यात बँकेत नोकरी. सहा वर्षांची मुलगी सोबत राहते. दोघींना आपलं मानणारा निर्व्यसनी जोडीदार हवा.’

नंबर धरून बरोब्बर वीस. (मोजायची पद्धत मात्र आधी विचारून घ्या, कुठे ‘एम. कॉम.’ सुटं लिहिलं तर दोन शब्द धरतात, कुठे शब्दांऐवजी ओळी मोजतात.)

“अशाने फोन कमी येतील,” बाबा म्हणाले. खरं आहे, चारच आले. पण चौघांनीही मुलीचं नाव विचारलं.