बाटलीत नाही, वाफेत

पालघर-बोईसरकडे घरच्या घरी केरॅटिन करण्याचं प्रमाण वाढलं आहे आणि त्याचं नवल वाटायचं कारण नाही. कोळगावच्या जिल्हा कार्यालयात नाहीतर तारापूरच्या एखाद्या कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलीला पार्लरचा खर्च झेपत नाही. किट त्याहून पुष्कळ स्वस्त पडतं आणि ते घरपोच येतं. केस सरळ करण्याच्या हौसेशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या किटची बाजू घेताना हमखास पुढे केल्या जाणाऱ्या दोन-तीन युक्तिवादांशी. ते इतके सहज बोलले जातात की कोणी तपासतच नाही.

पहिला युक्तिवाद असा: ‘डब्यावर स्पष्ट लिहिलंय, फॉर्माल्डिहाइड-फ्री.’ हे वाक्य किती विसविशीत आहे ते अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात 2010 साली दिसलं. ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ वापरणाऱ्या पार्लरमधल्या बायकांचे डोळे चुरचुरत होते, श्वास अडत होता. सरकारी प्रयोगशाळेने बाटल्या तपासल्या. लेबलवर ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ लिहिलं होतं आणि आत सरासरी आठ टक्क्यांहून जास्त फॉर्माल्डिहाइड निघालं. बचाव असा झाला की बाटलीत आहे ते मिथिलीन ग्लायकॉल. शब्दाने खरं, रसायनाने खोटं. फॉर्माल्डिहाइड हा वायू आहे. पाण्यात विरला की त्याचं मिथिलीन ग्लायकॉल होतं आणि तापवून पाणी उडवलं की त्याचा पुन्हा वायू होतो. ड्रायर आणि 230 अंशांचा स्ट्रेटनर नेमकं हेच करतात.

म्हणून लेबल वाचायचं ते बाटलीत काय आहे एवढं पाहायला नव्हे, तर तापल्यावर त्याचं काय होईल ते पाहायला. फॉर्मलिन, मिथेनल, मिथेनडायॉल, मिथिलीन ग्लायकॉल ही सगळी एकाच घरची नावं. टिमोनॅसिक अ‍ॅसिडही तापलं की फॉर्माल्डिहाइड सोडतं. ज्या केरॅटिनच्या नावावर डबा खपतो ते ‘हायड्रोलाइज्ड केरॅटिन’ मात्र निरुपद्रवी असतं आणि केस सरळ करण्यात त्याचा वाटा फार थोडा. केसाच्या प्रथिनांना एकमेकांशी जखडून ताठ ठेवण्याचं काम दुसरंच रसायन करतं.

‘पण एवढ्याशा बाटलीने काय होणार?’ हिशोबच करू. दहा बाय दहाची, नऊ फूट उंच खोली म्हणजे सुमारे 25 घनमीटर हवा. समजा लांब केसांना 30 मिलिलिटर द्रव लागला आणि त्यात दोनच टक्के फॉर्माल्डिहाइड आहे, म्हणजे 600 मिलिग्रॅम. त्यातला फक्त सहावा हिस्सा वाफ होऊन बंद खोलीत राहिला, तरी दर घनमीटरला चार मिलिग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठी अर्ध्या तासाची मर्यादा 0.1 मिलिग्रॅम आहे. चाळीस पट! आणि हा वायू कर्करोगकारक म्हणून निश्चित ठरलेल्यांपैकी आहे.

बोईसरची मंडळी इथे म्हणतील, ‘आम्ही तारापूरची हवा घेतो, आम्हाला काय होणार?’ केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मोजणीत तारापूर देशात पहिलं आलं होतं, म्हणून हा टोमणा समजण्यासारखा आहे. पण बाहेरची हवा वाईट आहे म्हणून आतली आणखी वाईट करावी, हा कुठला न्याय? खरी अडचण वेगळीच आहे. एमआयडीसीचा वास नको म्हणून इथली घरं संध्याकाळी खिडक्या लावून घेतात आणि नोकरदार मुलीला किट उघडायला संध्याकाळच मिळते. उत्तर सोपं आहे: सुटीच्या दिवशी, दुपारी, खिडकी उघडी ठेवता येईल तेव्हाच करावं. बाहेरून वास येत असेल तर त्या दिवशी बेत रद्द.

खिडकी उघडणं म्हणजे नुसती फट नव्हे. एका बाजूने हवा आत आली पाहिजे, दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे. बाहेर फेकणाऱ्या एक्झॉस्ट पंख्याजवळ, नाहीतर हवा बाहेर जाते त्या खिडकीजवळ खुर्ची ठेवायची. लावणारीने येणाऱ्या हवेकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे वाफ तिच्या तोंडावरून न जाता थेट बाहेर जाते. एसी बंद, कारण घरगुती एसी तीच हवा फिरवत राहतो. बाहेर पाइप न काढलेली चिमणीही निरुपयोगी. पसारा नको म्हणून बाथरूम निवडणं सगळ्यांत वाईट, तिथे हवा सर्वांत कमी. लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा माणूस घरातच नसलेला बरा. डोळे चुरचुरले की स्ट्रेटनर बंद करून बाहेर जायचं. ‘एवढी बट संपवते’ म्हणायचं नाही. नंतरही काही तास खिडक्या उघड्याच ठेवायच्या.

मास्कवर भिस्त ठेवणारेही आहेत. सर्जिकल मास्क आणि एन-95 धूळ-कण अडवतात, वायू आरपार जातो. कंपनीतून नवऱ्याने आणलेला काडतुसाचा मास्कसुद्धा बहुधा सॉल्व्हंटच्या वाफेसाठी असतो; साधा कोळसा फॉर्माल्डिहाइड नीट धरून ठेवत नाही, त्याला वेगळं काडतूस लागतं.

ग्लोव्हजचं निराळं. किटमधले पारदर्शक, ढगळ प्लास्टिकचे ग्लोव्हज कंगव्याच्या शेपटीने फाटतात आणि स्ट्रेटनरला चिकटतात. पातळ लॅटेक्समधून फॉर्माल्डिहाइड लवकर झिरपतं. नायट्राइलचे, मनगटावर चढणारे घ्यावेत. फाटले किंवा आत ओल गेली की बदलावेत, उलटे सोलून काढावेत. आळस करू नये, कारण या रसायनाची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर पिच्छा सोडत नाही.

पण हात झाकले तरी डोक्याची कातडी उघडीच असते. नव्या किटांवर फॉर्माल्डिहाइडच्या जागी ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड किंवा ग्लायऑक्झिलॉइल कार्बोसिस्टीन दिसतं आणि विक्रेते त्याला सुरक्षित पर्याय म्हणतात. इस्त्रीच्या उष्णतेत यातूनही फॉर्माल्डिहाइड सुटू शकतं, शिवाय दुसरा धोका वेगळाच आहे. फ्रेंच डॉक्टरांनी मार्च 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 26 वर्षांच्या एका तरुणीची हकिगत मांडली. तिने 2020, 2021 आणि 2022 मध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला तडाखा बसला. उपचार चालू असताना डोक्याची आग होत होती, जखमाही झाल्या होत्या. तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावलं तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे साठे सापडले. कातडीतून आत गेलेल्या या आम्लाचं शरीरात ऑक्झलेट होतं. खिडकी आणि ग्लोव्हज दोन्ही इथे हतबल ठरतात.

म्हणून माझं म्हणणं असं: हायड्रोलाइज्ड केरॅटिन सोडून वर सांगितलेलं कोणतंही नाव ज्या लेबलवर आहे आणि ज्याच्या माहितीपत्रकात गरम स्ट्रेटनर फिरवायला सांगितलं आहे, ते किट घरी वापरू नये. घटकांची यादीच नसलेली बाटली तर उघडूसुद्धा नये. हौस भागवायचीच असेल तर अमोनियम थायोग्लायकोलेटचं किट त्यातल्या त्यात हाताळण्याजोगं. तेही निर्धोक नाही. अमोनियाचा वास येतो, वेळ चुकली की केस तुटतात, म्हणून आधी एका बटेवर करून पाहावं. हायड्रॉक्साइडच्या रिलॅक्सरवर किंवा ब्लीच केलेल्या केसांवर ते कधीच लावू नये. खिडकी आणि नायट्राइल तिथेही लागतातच.

आणि ज्यांनी ग्लायऑक्झिलिकचं किट आधीच वापरलं आहे, त्यांना त्यानंतरच्या दिवसांत ओकाऱ्या, ताप, कंबरदुखी झाली किंवा लघवी कमी झाली, तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून घरी बसू नये. डॉक्टरांना किट दाखवावं आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं; केसांचं आपण सांगितलं नाही तर तेही विचारणार नाहीत.