जीव घाबरा झाला, तेव्हाचा ईसीजी कुठे आहे?

‘जीव घाबरा होतोय’ या तीन शब्दांत मराठी माणूस दोन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगतो. एक म्हणजे छातीत धडधडते आहे, श्वास पुरत नाही. दुसरी म्हणजे भीती वाटते आहे. यातले आधी काय झाले, भीती की धडधड, हे त्या शब्दांतून कळत नाही. दवाखान्यातही ते फारसे कोणी विचारत नाही. रुग्ण बाई असेल, वय तीस-चाळीस असेल आणि तपासताना नाडी ठीक लागली, तर ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून एखादी झोपेची गोळी लिहून दिली जाते.

समजा, नेरळहून रोज लोकलने ठाण्याला कामाला जाणारी चौतीस वर्षांची एक स्त्री आहे. वर्षातून चार-पाच वेळा तिला असा झटका येतो. कधी गाडीत, कधी घरी भांडी उचलायला वाकल्यावर. तिसऱ्या झटक्याच्या वेळी बहिणीने मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजली, ४७ ठोके. म्हणजे मिनिटाला १८८. दोनशेवीसमधून वय वजा केले की जोरात धावताना हृदयाची गती साधारण कुठवर जाईल याचा अंदाज येतो. तिच्यासाठी तो आकडा १८६. बसल्याजागी हृदय त्याच्याही पुढे गेले आहे. केवळ घाबरल्याने नाडी वाढते, पण ती बहुधा शंभर ते एकशेचाळीसच्या दरम्यान राहते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी दीडशेच्या बरीच वर आणि घड्याळासारखी एकसारखी असेल, तर भीतीला दोष देण्याआधी हृदयाची विद्युतयंत्रणा तपासली पाहिजे.

या स्त्रीला जे असण्याची शक्यता आहे, त्याला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विजेचा संदेश जायला साधारणतः एकच वाट असते. काही माणसांत जन्मतःच एक जादा वाट असते. संदेश एका वाटेने खाली उतरतो, दुसरीने वर परततो आणि तसाच गोल फिरत राहतो. प्रत्येक फेरीला एक ठोका. म्हणूनच हा झटका बटण दाबल्यासारखा एका क्षणात सुरू होतो आणि तसाच एका क्षणात थांबतो. भीतीचा झटका काही मिनिटांत चढत जातो, दहाएक मिनिटांत शिखर गाठतो आणि हळूहळू ओसरतो. ‘धडधड नेमकी कधी थांबली ते कळले का?’ हा प्रश्न म्हणूनच फार उपयोगी आहे. ‘हो, टक्कन थांबली’ असे उत्तर आले तर ते लिहून ठेवण्यासारखे आहे. मानेत काहीतरी फडफडते आहे असे वाटणे आणि झटका गेल्यावर भरपूर लघवी होणे, या दोन खुणाही एसव्हीटीकडे बोट दाखवतात. उलट बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येत असतील, तर भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. ही खूण भीतीच्या झटक्यात जास्त दिसते. मात्र धडधडीने घाबरलेला माणूसही भराभर श्वास घेतोच. म्हणून कोणत्याही एका खुणेवर निकाल देता येत नाही.

ही गफलत नवी नाही. अमेरिकेत १९९७ साली एसव्हीटीच्या १०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६७ टक्के रुग्ण भीतीच्या विकाराच्या, म्हणजे पॅनिकच्या निकषांत चपखल बसत होते. निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता आणि तो तसाच सरासरी तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. न ओळखलेल्या रुग्णांपैकी स्त्रियांच्या लक्षणांना मानसिक ठरवण्याचे प्रमाण ६५ टक्के होते, पुरुषांत ३२. योग्य उपचारांनंतर पॅनिकचे निकष पूर्ण करणारे जेमतेम ४ टक्के उरले.

मग ईसीजी का सापडत नाही? कारण तो झटका गेल्यावर काढला जातो. दोन झटक्यांच्या मधला ईसीजी बहुतेकदा अगदी सरळ असतो (काहींत जादा वाटेची खूण त्यातही दिसते, ती पाहणाऱ्याला ठाऊक हवी). कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून कशेळे किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत वेळ जातो आणि तोवर नाडी ठिकाणावर येते. रुग्ण ‘बरा’ दिसतो, रांगेत बसतो आणि चिठ्ठीवर ‘अँक्झायटी’ उमटते. यावर उपाय यंत्राचा नाही, क्रमाचा आहे. धडधड चालू असलेला रुग्ण दारात आला की केसपेपर नंतर, आधी बारा लीडचा ईसीजी, असा नियम हवा. ज्यांना वारंवार झटके येतात त्यांना डॉक्टरांनी तशी चिठ्ठीच लिहून द्यावी. रात्री ईसीजी कोण काढतो हे रुग्णालयाने दारावर लावावे. त्याला पैसे लागत नाहीत.

घरीही थोडे करता येते. करोनाच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर अनेक कपाटांत पडून आहे. झटक्यात ते बोटाला लावून पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढावा, वेळ दिसेल असा. ऑक्सिजनचा आकडा दोन्ही आजारांत चांगला येऊ शकतो, पाहायचा तो नाडीचा. नाडी अनियमित असेल तर मात्र या यंत्राचा आकडा भरवशाचा नसतो. बोटाने मोजताना ठोके वेडेवाकडे लागले, विशेषतः वय साठीच्या पुढे असेल किंवा झडपेचा जुना आजार असेल, तर गोष्ट वेगळी आहे. त्यात पक्षाघाताचा धोका असतो आणि उपचारही वेगळे. झटक्यात शुद्ध हरपली, छातीत दुखले, झटका श्रम करतानाच आला किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सल्ला विसरावा. हृदयाच्या किंवा दम्याच्या रुग्णाला तो घातक ठरू शकतो.

निदान पक्के झालेल्यांना डॉक्टर एक युक्ती शिकवतात. अर्धवट टेकून बसून दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये, तिचा दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, पंधरा सेकंद फुंकायचे. मग लगेच आडवे व्हायचे आणि कोणीतरी पाय पंधरा सेकंद वर धरायचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत या पद्धतीने १०० पैकी ४३ जणांचा झटका थांबला, नुसत्या फुंकण्याने १७ जणांचा. न थांबल्यास रुग्णालयात शिरेतून औषध दिले जाते. कायमचा इलाज म्हणजे मांडीतल्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट जाळणे. अनुभवी हातांत बहुसंख्य रुग्ण त्यातून कायमचे सुटतात. त्यासाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची वारी करावी लागते. तिथे नेण्यासाठी झटक्यातला ईसीजीचा कागद हाती असला, तर पुढचे बरेच खेटे वाचतात.

हे सगळे म्हणताना भीतीचा आजार खोटा ठरत नाही. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या डोंगराच्या आसपास राहणाऱ्या एखाद्याचे काळीज मुसळधार पावसाच्या आवाजाने धडधडू लागले, तर त्याला कारण आहे आणि त्यावर बोलण्याचे, औषधाचे उपचारही आहेत. ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे. पण तिथेही धडधडीतला ईसीजी आणि थायरॉइड, हिमोग्लोबिनची तपासणी एकदा व्हायला हवी. मनाचा आजार हे निदान तपासून केलेले असावे, काहीच सापडले नाही म्हणून उरलेले नव्हे. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, आणि एकाचा उपचार सुरू झाला म्हणून दुसऱ्याची फाइल बंद करता येत नाही.