सांगितलेले आणि सुचवलेले

उताऱ्यावरील प्रश्नांत प्रौढ विद्यार्थ्याचे गुण जातात ते बहुधा उतारा न समजल्यामुळे नव्हे, तर उताऱ्यात नसलेलेही समजल्यामुळे, असे माझे मत आहे. संसाराचा अनुभव मजकुरातील रिकाम्या जागा नकळत भरून काढतो. पुढील चार वाक्ये पाहा.

‘नाना यंदाही वारीला निघाले. सुनेने त्यांच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटे ठेवली. नानांनी ती न पाहिल्यासारखे केले. वेशीपर्यंत या वेळी नातूच आला.’

यांवर तीन विधाने करता येतील : नाना पूर्वीही वारीला गेले होते, नानांची प्रकृती बरी नाही, मुलगा वारीवरून रागावला आहे. तिन्ही विधाने उताऱ्यात शब्दशः नाहीत. तरीही त्यांची योग्यता सारखी नाही. ती ठरवण्यासाठी एक साधी कसोटी आहे. विधानाच्या उलट अर्थाचे वाक्य उताऱ्याच्या शेवटी जोडावे आणि उतारा टिकतो का ते पाहावे.

‘नाना यापूर्वी कधीही वारीला गेले नव्हते’ असे जोडताच ‘यंदाही’ या शब्दाशी विरोध निर्माण होतो. म्हणून पहिले विधान निश्चित आहे. ‘ही’ या एका अव्ययाने ते पक्के केले आहे. ‘नाना ठणठणीत होते, गोळ्या केवळ प्रवासातील खबरदारी होती’ असे जोडले तर उतारा मोडत नाही. म्हणजे आजार सांगितलेला नाही. मात्र सुनेची काळजी आणि नानांचे पाहून न पाहणे, हे दोन तपशील त्याच दिशेला बोट दाखवतात. म्हणून तो सूचित आहे.

तिसऱ्या विधानाचे काय? ‘नातूच’ मधील ‘च’ इतकेच सांगतो की दुसरे कोणी आले नाही. ‘या वेळी’ या शब्दांवरून पूर्वीची रीत वेगळी असावी, असे वाटते. परंतु मुलाचा उल्लेखच नाही. तो परगावी असेल, कदाचित हयातही नसेल. येथील राग वाचकाने स्वतःच्या घरातून आणलेला आहे.

या धास्तीने केवळ शब्दशः सांगितलेलेच लिहिणे, हाही उपाय नव्हे. तसे केल्यास नानांचे न पाहिल्यासारखे करणे, म्हणजे उताऱ्याचा गाभाच, हातून निसटतो. माझ्या मते, उत्तरातील क्रियापदानेच खात्रीची पातळी दाखवावी : पहिल्यासाठी ‘स्पष्ट होते’, दुसऱ्यासाठी ‘सूचित होते’, तिसऱ्यासाठी ‘उताऱ्यावरून सांगता येत नाही’. त्यासोबत आधाराचा शब्दही नोंदवावा. असा शब्द सापडत नसेल, तर ते अनुमान उताऱ्याचे नसून आपले आहे, असे समजावे.