शेपटी कुठून आली, ते लिहा

गेल्या हिवाळ्यात आमच्या मागच्या अंगणातल्या कुंपणावर शिक्र्यासारखा दिसणारा एक शिकारी पक्षी येऊन बसला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून घाईघाईत फोटो काढला. पक्षी छान आला होता, पण शेपटीचं टोक फोटोच्या खालच्या कडेला कापलं गेलं होतं. फोनमधल्या एडिटरमध्ये फोटो खालच्या बाजूने थोडा वाढवला, सॉफ्टवेअरने रिकामी जागा भरून दिली, आणि तो मी आमच्या पक्षीवेड्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. "कूपर्स हॉक की शार्प-शिन्ड हॉक?" एवढंच खाली लिहिलं.

अमेरिकेत पक्षी बघणाऱ्यांना हा प्रश्न नेहमी पडतो. दोन्ही पक्षी रंगाने सारखे. कूपर्स हॉक साधारण कावळ्याएवढा, शार्प-शिन्ड त्याहून बराच लहान, पण एकट्या पक्ष्याच्या फोटोवरून आकाराचा अंदाज येत नाही. मग लोक शेपटीचं टोक बघतात. कूपर्सचं गोलसर असतं आणि त्याला पांढरी किनार जरा रुंद असते. शार्प-शिन्डचं बहुधा सरळ कापल्यासारखं दिसतं. माझ्या फोटोत टोक सुरेख गोल होतं. दहा मिनिटांत ग्रुपचं एकमत झालं: कूपर्स. मी तशी नोंद निरीक्षणांच्या सार्वजनिक यादीतही करून टाकली.

संध्याकाळी ग्रुपमधल्या एका जुन्या जाणत्या काकांचा मेसेज आला. "अगं, पाय पेन्सिलीसारखे बारीक आहेत. डोकं आणि मान एकाच रंगाची आहे, कूपर्सची टोपी वेगळी उठून दिसते. ही शेपटी तुझ्या कॅमेऱ्याने बघितली होती का?"

नव्हती बघितली. मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा होता. मी खाली ४०० ओळी वाढवल्या, म्हणजे नव्या फोटोचा साधारण १२ टक्के भाग बनवलेला होता. या १२ टक्क्यांत कुंपणाची एक फळी, थोडं गवत आणि शेपटीचं टोक होतं. फळी आणि गवत कसंही असलं तरी कुणाचं बिघडत नव्हतं. ओळख मात्र नेमकी त्या टोकावर टेकली होती. जागा भरणाऱ्या मॉडेलला माझा पक्षी ठाऊक नव्हता. प्रशिक्षणातल्या असंख्य चित्रांवरून, अशा चित्राच्या खाली काय शोभेल, ते त्याने रंगवलं. मी नोंद मागे घेतली आणि मूळ फोटो ग्रुपवर टाकला.

मी पोटापाण्यासाठी संशोधन करते. प्रयोगातला एखादा मुद्दा मोजलेला नसून अंदाजाने भरलेला असेल, तर तसं लिहायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तरीही फोटो वाढवताना आपण एक मोजमाप भरून काढतोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणून हा लेख. माझं म्हणणं साधं आहे: फोटोत जनरेटिव्ह बदल केला असेल, तर तो फाइलमध्येही नोंदवा आणि कॅप्शनमध्येही लिहा. आणि लिहिताना "एआय वापरलं" एवढ्यावर थांबू नका. कोणता भाग बनवलेला आहे, ते सांगा.

आधी फाइलमधली नोंद. वृत्तछायाचित्रांच्या मेटाडेटाचं मानक ठरवणाऱ्या आयपीटीसी या संस्थेने डिजिटल सोर्स टाइप नावाचा एक रकाना ठेवला आहे. चित्र कसं तयार झालं, हे त्यात ठरलेल्या शब्दांपैकी एक निवडून लिहायचं असतं. पूर्ण चित्रच मॉडेलने बनवलं असेल तर एक शब्द, आणि खऱ्या फोटोत मॉडेलने काही भरलं किंवा पुसलं असेल तर दुसरा. माझ्या फोटोला हा दुसरा लागू पडतो. काही ॲप्स ही नोंद आपोआप करतात. गूगल फोटोजने २०२४ च्या ऑक्टोबरपासून मॅजिक एडिटर, मॅजिक इरेझरसारख्या साधनांनी केलेले बदल फोटोच्या तपशिलात दाखवायला सुरुवात केली, तीही याच रकान्याच्या आधारे. तुमचं ॲप करत नसेल, तर संगणकावर एक्झिफटूल या मोफत साधनाने स्वतः करता येते:

```
exiftool -XMP-iptcExt:DigitalSourceType="http://cv.iptc.org/newscodes/digitalsourcetype/compositeWithTrainedAlgorithmicMedia" hawk.jpg
exiftool -XMP-dc:Description="Bottom 12% (tail tip, fence) is generated" hawk.jpg
exiftool -XMP-iptcExt:all -XMP-dc:all hawk.jpg
```

पहिली ओळ प्रकार नोंदवते, दुसरी वर्णन, आणि तिसरी दोन्ही खरोखर लिहिलं गेलं का ते दाखवते. तिसरी टाळू नका. एक्झिफटूल बदल करण्याआधीची प्रत `hawk.jpg_original` या नावाने ठेवतं, पण ती तुमच्या एडिट केलेल्या फोटोची प्रत असते. कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटो तुम्हालाच वेगळा जपायला हवा. त्याच्याशिवाय माझी चूक सिद्धही झाली नसती आणि सुधारताही आली नसती.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही: "आजचा फोन प्रत्येक फोटोत गणित करतोच की. पाच-सात फ्रेम जोडतो, गोंगाट काढतो. मग वेगळं काय झालं?" गंमत म्हणजे आयपीटीसीच्या त्याच यादीत या अनेक फ्रेम जोडून केलेल्या फोटोसाठी `computationalCapture` असा स्वतंत्र शब्द आहे. उजेड वाढवणं, रंग सुधारणं यांसारख्या मानवी दुरुस्त्यांसाठीही वेगळा आहे. फरक असा की या प्रकारांत प्रकाश सेन्सरवर पडलेला असतो आणि आपण त्याची मांडणी बदलतो. जनरेटिव्ह बदलात त्या जागी प्रकाश कधी पडलाच नव्हता, किंवा पडलेला आपण पुसून टाकला. सीमा अगदी काटेकोर नाही, हे मान्य. पण "या जागी कॅमेऱ्याने काय बघितलं होतं?" हा प्रश्न स्वतःला विचारला, तर बहुतेक वेळा उत्तर पटकन मिळतं.

मग फक्त फाइलमधली नोंद पुरेशी का नाही? कारण ती वाटेत गळते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला, की तो नव्याने दाबून लहान केला जातो आणि मेटाडेटा निघून जातो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते. स्क्रीनशॉट काढला, की काहीच उरत नाही. घरी एकदा करून बघा: स्वतःचाच फोटो दोन्ही प्रकारे पाठवा, समोरच्या फोनवरून परत संगणकावर घ्या आणि वरची तिसरी ओळ दोन्हींवर चालवा.

शिवाय हा रकाना कुणीही भरू शकतो आणि कुणीही पुसू शकतो. यावर उपाय म्हणून सी२पीए नावाचं मानक आलं. त्यात बदलांची यादी डिजिटल सहीसह फाइलला जोडली जाते. कंटेंट क्रेडेन्शियल्स म्हणतात ते हेच. सही झाल्यावर फाइलमध्ये ढवळाढवळ झाली, तर तपासणीत ते कळतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. अशी सही असलेल्या फाइलवर तुम्ही वरच्या आज्ञा चालवल्या, तर तुमची प्रामाणिक भरदेखील ढवळाढवळच ठरेल, म्हणून तिथे तपशील कॅप्शनमध्येच लिहा. आणि सही नाही याचा अर्थ फोटो खोटा असा होत नाही; बहुतेक फोटोंना ती नसतेच.

दुसरी अडचण उलट टोकाची आहे. २०२४ मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर फोटोंना "Made with AI" अशी चिठ्ठी लागू लागली. फाइलमधल्या अशाच खुणा वाचून ती लावली जात होती, आणि किरकोळ डाग पुसलेल्या खऱ्या फोटोंवरही ती दिसू लागली. छायाचित्रकार वैतागले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती बदलून "AI info" अशी केली गेली. माझ्या मते मूळ अडचण शब्दांची नव्हती. रकाना फक्त "बदल आहे" एवढंच सांगतो. आकाशातली विजेची तार पुसली, की पक्ष्याची शेपटी बनवली, हे तो सांगत नाही. वाचणाऱ्याला हवं असतं नेमकं तेच, आणि ते माणसानेच लिहावं लागतं.

म्हणून कॅप्शन. माझ्या फोटोखाली आता असं आहे:

"फोटोचा खालचा साधारण १२ टक्के भाग, म्हणजे शेपटीचं टोक आणि कुंपणाची खालची फळी, सॉफ्टवेअरने बनवलेला आहे. ओळख पटवताना शेपटी धरू नये. मूळ फोटो सोबत दिला आहे."

तीन वाक्यं. कुठे बदल झाला, त्यामुळे कोणता निष्कर्ष काढता येणार नाही, आणि मूळ कुठे आहे. त्यातलं मधलं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण बदल करणाऱ्यालाच माहीत असतं की फोटो कशासाठी वापरला जाणार आहे. घरच्या गणपतीच्या फोटोतून मागची प्लास्टिकची बादली पुसली, तर एक ओळ पुरे. आजोबांचा फाटका जुना फोटो सांधताना चेहऱ्याचा भाग भरला गेला असेल, तर मात्र "डावा डोळा आणि गाल नव्याने बनवलेला" असं जरूर लिहा. अजून चाळीस वर्षांनी कुणीतरी तो गाल बघून "अगदी पणजोबांवर गेलाय" म्हणेल, आणि त्या वेळी विचारायला आपण नसू.

असं लिहिल्याने फोटोची शोभा जाते, असं काही जण म्हणतात. मला उलटा अनुभव आला. ते कॅप्शन टाकल्यावर काकांनी मूळ फोटो मोठा करून पाय पुन्हा बघितले आणि लिहिलं, "शेपटी वगळून बोलायचं तर शार्प-शिन्ड, पण खात्री देत नाही." यादीत आता नोंद आहे: "दोहोंपैकी एक." एका पक्ष्याचं नाव कमी झालं, पण जे उरलंय ते माझ्या खिडकीतून खरोखर दिसलेलं आहे.