इटलीचे परमिट, साडेसहा लाखांची फाइल आणि न फिटणारी उचल

गेल्या हंगामात बदलापूर परिसरातल्या आपल्या लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती. इटलीत शेतीकाम, नऊ महिन्यांचे सीझनल परमिट, महिना 1,100 युरो, राहण्याची सोय, शिक्षणाची अट नाही. खाली मोबाइल नंबर आणि हात जोडल्याचे चिन्ह. ग्रुपमध्ये जयंतीच्या वर्गणीचे हिशेब येतात, रक्तदानाचे निरोप येतात, त्यातच हीही आली. चामटोलीच्या एका बारावी झालेल्या मुलाने ती वाचून नंबर फिरवला. वडील एमआयडीसीत ठेकेदाराकडे, आई घरकाम करते. महिनाभराने तो माझ्याकडे आला तेव्हा 50 हजार रुपये 'फाइल चार्ज' म्हणून देऊन बसला होता आणि उरलेल्या सहा लाखांसाठी आईचे दागिने आणि एका खासगी सावकाराचे चार लाख असा मेळ घालत होता.

तो सल्ला मागायला आला नव्हता, गॅरेंटर मागायला आला होता. म्हणून आम्ही आधी कायद्याला हात न घालता वहीत हिशेब मांडला.

1,100 युरो महिना, नऊ महिने, म्हणजे 9,900 युरो. युरो शंभर रुपयांना धरला तर नऊ लाख नव्वद हजार. ऐकायला भरपूर वाटते. पण 'राहण्याची सोय' म्हणजे फुकट राहणे नव्हे. इटलीच्या कायद्याप्रमाणे हंगामी कामगाराकडून मालकाने घरभाडे घेतले तर ते पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असता कामा नये आणि परस्पर पगारातून कापता येत नाही. ही कमाल मर्यादा धरली तर 366 युरो तिथे गेले. खाणे, फोन, बस यांचे 200 धरा. हातात राहिले साधारण 530, म्हणजे नऊ महिन्यांत पावणेपाच लाख. खर्च साडेसहा लाख. शिवाय सावकाराच्या चार लाखांवर शेकडा तीनने नऊ महिन्यांचे एक लाख आठ हजार व्याज. सगळे सांगितल्याप्रमाणे झाले, एक दिवसही काम बुडाले नाही, तरी मुलगा पावणेतीन लाखांहून जास्त तोट्यात घरी येतो.

मग लोक जातात कशाला? कारण एजंट सांगतो की नऊ महिन्यांनी 'परमनंट' होईल. या आशेवरच सगळा धंदा चालतो, आणि ती पुढे कुठे नेते हे व्हेरोनाच्या प्रकरणात दिसते.

जुलै 2024 मध्ये उत्तर इटलीतल्या व्हेरोना प्रांतात पोलिसांनी 33 भारतीय शेतमजुरांची सुटका केली. त्यांना हंगामी परमिटवर आणले होते आणि त्यासाठी प्रत्येकाकडून 17,000 युरो ठरवले होते, त्या वेळच्या दराने पंधरा लाखांच्या वर. काम आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला दहा ते बारा तास, मजुरी तासाला चार युरो. तीही हातात मिळत नव्हती, कर्ज फिटेपर्यंत परस्पर वळती होत होती. पासपोर्ट काढून घेतलेले. आता हा हिशेब करून पाहा. अकरा तासांचे 44 युरो, तर 17,000 युरो फेडायला 386 दिवस लागतात. हंगामी परमिट जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, म्हणजे 270 दिवस. एकही सुट्टी न घेता आणि एक घासही विकत न घेता राबले तरी परमिट आधी संपते, कर्ज मागे उरते. त्यानंतर माणूस बेकायदा ठरतो आणि मालकाच्या मुठीत पूर्ण जातो. तिथल्या काहींकडून कायमच्या परमिटसाठी आणखी 13,000 युरो मागितले होते. या प्रकरणात म्होरके असल्याचा आरोप असलेले दोघे भारतीयच होते, हे मुद्दाम लिहितो. 'आपला माणूस आहे' ही खात्री नसते.

आपल्या भागाला यात नवे काही वाटू नये. बदलापूर, वांगणीच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मालक हिशेब करतो: फिटली नाही, पुढच्या वर्षी या. तिथे मालक आधी पैसे देतो, इथे मजूर आधी पैसे देतो. पण दोन्हीकडे कामाआधी कर्ज तयार होते आणि हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात असते. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशा उचलीचे कर्जच रद्द ठरवले. 1982 मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे हेही संविधानाच्या कलम 23 मधले सक्तीचे श्रमच आहे. हे आपण कातकऱ्यांच्या बाबतीत सभांमधून सांगतो. आपलाच पदवी घेतलेला मुलगा विमानात बसतो तेव्हा त्याला मात्र 'फॉरेन' म्हणतो.

आता कायद्याकडे येऊ. 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशातल्या नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, देश कुठलाही असो. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे 35,400, आणि त्याची पावती द्यावीच लागते. साडेसहा लाख आणि 35 हजार यातला फरक 'चहापाणी' म्हणून समजावता येत नाही. सब-एजंट नावाची गोष्ट या कायद्यात नाहीच. आमचा माणूस उल्हासनगरात गाळा घेऊन बसला होता आणि 'दिल्लीच्या ऑफिसचे लायसन्स आहे' म्हणत होता. त्याने दिलेला क्रमांक आम्ही emigrate.gov.in वर टाकला. असा क्रमांक B ने सुरू होतो आणि त्यात शहराचे संक्षेप असते, मुंबईसाठी MUM. क्रमांक खरा निघाला, पण तो वेगळ्याच नावाच्या, वेगळ्याच पत्त्याच्या फर्मचा. म्हणून क्रमांक सापडला की थांबू नका. नाव, पत्ता आणि नोंदणी आज चालू आहे का, हे तिन्ही जुळवा, आणि पैसे कोणाच्या खात्यात मागितले तेही बघा. याने 50 हजार एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतले होते.

इथे एक मोठी फट आहे आणि आपल्या शिकलेल्या मुलांना ती ठाऊक नसते. आखातातल्या काही देशांसह 18 देशांमध्ये कामाला जाताना दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर शिक्का असतो आणि त्यांना प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सची मंजुरी लागते. त्या वेळी करारपत्र सरकारी माणसाच्या नजरेखालून जाते. इटली त्या यादीत नाही, आणि आपला मुलगा दहावी पास असल्याने त्याच्या पासपोर्टवर शिक्काही नाही. म्हणजे इथून निघताना त्याचा करार भारतातले कुठलेही कार्यालय वाचणार नाही. तो त्यालाच वाचावा लागतो.

करार म्हणून त्याच्याकडे मोबाइलवर एक पान होते. शेताचे नाव, गोल शिक्का, पगार आणि 'वर्क परमिट' हे शब्द. खरी वाट अशी नसते. इटलीचे सरकार परदेशी कामगारांचा कोटा ठरवते. भारताशी नोव्हेंबर 2023 मध्ये झालेल्या करारात हंगामी कामगारांसाठी 2023 ते 2025 या तीन वर्षांत अनुक्रमे 3,000, 4,000 आणि 5,000 जागा राखीव होत्या, म्हणजे योजना खोटी नाही. कोटा उघडला की अर्ज करतो तो तिथला मालक, उमेदवार किंवा एजंट नव्हे. त्याला स्थानिक प्रशासनाच्या इमिग्रेशन खिडकीकडून 'नुल्ला ओस्ता', म्हणजे ना-हरकत पत्र मिळते. त्यावर कामगाराचे नाव आणि पासपोर्टचा तपशील असतो. ते घेऊन आपण मुंबईत व्हिसाचा अर्ज करतो. ज्याच्या हातात नुल्ला ओस्ता नाही त्याच्याकडे परमिट नाही. आणि 'टूरिस्टवर जा, तिथे कन्व्हर्ट करू' असे कोणी म्हणाला तर बोलणे तिथेच थांबवावे.

सगळ्यात मोठा धोका व्हिसा मिळाल्यानंतर असतो. पोहोचल्यावर ठरलेल्या मुदतीत मालकाबरोबर निवास-करारावर सही करून मग राहण्याचे परमिट मागायचे असते. पुष्कळ जणांच्या बाबतीत मालक तिथे येतच नाही. त्याला मजूर नकोच होता, त्याने फक्त आपले नाव विकले होते. व्हिसा खरा असतो, कागद खरे असतात, आणि तरी माणूस महिनाभरात बेकायदा होतो. म्हणून निघण्याआधी मालकाशी स्वतः व्हिडिओवर बोलणे, शेताचा कर-क्रमांक मागणे, आणि आधी तिथे काम केलेल्या एखाद्याशी एजंट बाजूला नसताना बोलणे, एवढे तरी करावे.

काम मिळाले तर पगाराची पावती दर महिन्याला घ्यायची आणि त्यावर कामाचे दिवस मोजायचे. पंचवीस दिवस राबवून पावतीवर दहा दाखवणे ही तिथली जुनी चाल आहे. न दाखवलेल्या दिवसांचा विमा आणि बेकारभत्ता बुडतो. जून 2024 मध्ये लातिना भागात सतनाम सिंग या शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. मालकाने त्याला इस्पितळात नेण्याऐवजी घराबाहेर टाकले आणि दोन दिवसांत तो गेला. त्याच्याकडे करारही नव्हता, कागदही नव्हते.

याच लातिनात 18 एप्रिल 2016 रोजी शीख शेतमजुरांनी संप करून चौक भरून टाकला होता. त्यांच्यासोबत युनियन होती आणि वर्षानुवर्षे त्यांच्यात राहून काम केलेला मार्को ओमिझोलो हा समाजशास्त्रज्ञ होता. त्याच वर्षी इटलीने मजुरांचे शोषण करणारा मुकादम आणि मालक दोघांनाही गुन्हेगार ठरवणारा 199 क्रमांकाचा कायदा केला. 2024 च्या अखेरीस तक्रार करणाऱ्या शोषित कामगारासाठी वेगळ्या परमिटची तरतूद आली. तिथे अडकलेल्या आपल्या कुणाला हे सांगण्यासारखे आहे, कारण 'पोलिसात गेलास तर हाकलून देतील' याच धमकीवर त्याला गप्प बसवलेले असते. भारतातून विचारायचे असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800 11 3090 हा नंबर आहे.

आमच्या मुलाचे काय झाले? आम्ही 35,400 चा नियम, दुसऱ्याच फर्मचा निघालेला क्रमांक आणि यूपीआयचा व्यवहार असे एका पानावर लिहून मंत्रालय आणि पोलीस यांच्या नावे तक्रार तयार केली आणि आधी त्या माणसाला वाचून दाखवली. चार दिवसांत 35 हजार परत आले. उरलेले पंधरा 'भाषांतराचा खर्च' म्हणून त्याने ठेवले. त्यासाठी तक्रार दिली आहे. जाहिरात ग्रुपवर टाकणारा कार्यकर्ता चांगला मुलगा आहे, त्याला यातून काही मिळाले नव्हते. त्याने ती पुढे आणखी सहा ग्रुपवर पाठवली होती. त्या सहाही ग्रुपवर आता तो स्वतः हा वहीतला हिशेब फोटो काढून टाकतो आहे.